‘सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होते’ : परीक्षेतील उत्तराचा सेमिनार पेपर कसा करावा

इतिहासाच्या पदव्युत्तर परीक्षेत ‘सविनय कायदेभंगाच्या चळवळीतील सोलापूरचे योगदान स्पष्ट करा’ असा प्रश्न आला की सोलापुरातील विद्यार्थ्याला तो घरचाच वाटतो. चार पुतळ्यांसमोरून रोज जाणाऱ्याला चारही हुतात्म्यांची नावे पाठ असतात, मे १९३० च्या घटनांचा क्रम शाळेपासून ऐकलेला असतो आणि पाऊण तासात चार-पाच पाने सहज भरतात. पुढे याच विषयावर सेमिनार पेपर द्यायचा ठरला की बहुतेक जण तेच उत्तर टाइप करतात, मध्ये दोन उपशीर्षके घालतात, शेवटी पाच पुस्तकांची नावे जोडतात आणि पेपर झाला असे समजतात. तो पेपर होत नाही, कारण उत्तर आणि पेपर यांचा वाचक वेगळा असतो. परीक्षकाला विद्यार्थ्याला विषय ठाऊक आहे की नाही एवढेच पाहायचे असते. पेपरच्या वाचकाला विषय आधीच ठाऊक असतो, आणि प्रत्येक विधानापाशी ‘हे कशावरून?’ असे तो विचारतो. हे रूपांतर प्रत्यक्षात कसे करायचे ते याच एका उत्तराच्या आधारे पुढे मांडले आहे.

पहिले काम : उत्तराची वाक्यावाक्याने तपासणी

उत्तर आठवत असेल तोवर, शक्यतो परीक्षेच्या आठवड्यातच, ते जसे लिहिले होते तसे टाइप करावे. भाषा सुधारण्याचा मोह टाळावा. प्रत्येक वाक्य वेगळ्या ओळीवर घ्यावे, त्याला क्रमांक द्यावा आणि समोर तीनपैकी एक खूण करावी : निर्विवाद तथ्य, पडताळावे लागेल असे विधान, आणि मत. नमुन्यासाठी अशा उत्तरातला एक नेहमीचा परिच्छेद पाहू.

‘महात्मा गांधींना अटक झाल्यावर सोलापुरात संतापाची लाट उसळली. गिरणी कामगारांनी संप केला. ८ मे रोजी लोकांनी शिंदीची झाडे तोडली. कलेक्टर नाईट याच्या हुकुमाने गोळीबार झाला व शंकर शिवदारे हुतात्मा झाले. त्यानंतर इंग्रज पळून गेले आणि सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होते. असे स्वातंत्र्य उपभोगणारे सोलापूर हे भारतातील एकमेव शहर होय. म्हणूनच इंग्रजांनी मार्शल लॉ लागू केला व चार देशभक्तांना फाशी दिली.’

परीक्षेत या परिच्छेदाला चांगले गुण पडतील आणि त्यात गैर काही नाही. पेपरच्या दृष्टीने मात्र यातील जवळजवळ प्रत्येक वाक्य थांबून पाहावे लागते. गांधीजींना ४ व ५ मे १९३० दरम्यानच्या रात्री दांडीजवळच्या कराडी येथे अटक झाली, हे निर्विवाद आहे. ‘संतापाची लाट’ हे मत आहे, आणि ते कोणत्या घटनेवर उभे आहे हे सांगितल्याशिवाय पेपरात ठेवता येत नाही. संप कोणत्या गिरण्यांत, कोणत्या दिवसापासून झाला हे पडताळावे लागेल. ‘इंग्रज पळून गेले’ या तीन शब्दांत तर किमान तीन वेगळे प्रश्न दडले आहेत : शहरातून नेमके कोण हटले, कोणाच्या आदेशाने हटले, आणि ते शहराबाहेर कुठे थांबले?

‘एकमेव शहर’ हा दावा सर्वांत लवकर कोसळतो. पेशावरमध्ये २३ एप्रिल १९३० रोजी किस्साखानी बाजारात गोळीबार झाला आणि त्यानंतर मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, म्हणजे सोलापूरच्या घटनेच्या अगदी आधी, त्या शहरावरचा ब्रिटिशांचा ताबा सुटलेला होता. पुढे ऑगस्ट १९४२ मध्ये बलिया आणि १९४३ पासून साताऱ्याचे प्रतिसरकार ही उदाहरणे आहेतच. परीक्षकाने कदाचित या शब्दावरून डोळा फिरवला असेल. सेमिनारमध्ये समोर बसलेला पहिला श्रोता पेशावरचेच नाव घेईल. ‘एकमेव’, ‘प्रथमच’, ‘सर्वाधिक’ असे शब्द सापडतील तिथे वाक्य एकतर सिद्ध करावे किंवा खाली उतरवावे. हे वाक्य ‘१९३० च्या चळवळीत शहरावरील पोलिसी ताबा काही काळ सुटला अशा मोजक्या शहरांपैकी सोलापूर एक होते’ असे उतरवले तर ते टिकते, आणि वाचायलाही अधिक विश्वासार्ह वाटते.

शेवटचे वाक्यही असेच फसवे आहे. मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा आणि अब्दुल रसूल कुर्बान हुसेन यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी झाली, हे खरे. पण उत्तरातील वाक्य वाचून ही शिक्षा मार्शल लॉच्या हुकुमाखालीच झाली असा समज होतो. खटल्यातला आरोप पोलिसांच्या हत्येचा होता. म्हणजे आरोप, पुरावा, न्यायालय आणि लष्करी अंमल यांचा संबंध वेगळा शोधून मांडावा लागतो. घाईत लिहिलेल्या उत्तरात ‘म्हणूनच’ आणि ‘व’ हे शब्द दोन घटनांना एका वाक्यात बांधून टाकतात. पेपर लिहिताना या दोन शब्दांवर विशेष नजर ठेवावी.

या तपासणीत आणखी एक गोष्ट बाहेर येते, आणि ती नाजूक आहे. पाठांतराने लिहिलेल्या उत्तरातील काही वाक्ये आपली नसतात. ती बाजारातल्या गाईडमधील किंवा वर्गात उतरवून घेतलेल्या टिपणांतील असतात, आणि विद्यार्थ्याला ते आठवतही नसते. परीक्षेत ते चालून जाते. पेपरात तेच वाङ्मयचौर्य ठरते. जी वाक्ये आपल्या नेहमीच्या लिहिण्यापेक्षा अधिक घोटीव वाटतात, ती मूळ गाईडशी ताडून पाहावीत आणि तिथून आलेली असतील तर सरळ काढून टाकावीत. शब्द इकडचे तिकडे केल्याने ती आपली होत नाहीत.

दुसरे काम : प्रश्न लहान करणे

‘योगदान स्पष्ट करा’ हा परीक्षेचा प्रश्न आहे, कारण त्यात जे आठवेल ते सर्व मावते. पेपरासाठी असा प्रश्न हवा ज्याचे उत्तर दोन्ही बाजूंनी जाऊ शकते आणि जो हाती असलेल्या मुदतीत उपलब्ध कागदपत्रांवरून सुटू शकतो. तो प्रश्न बाहेरून आणण्याची गरज नसते. तपासणीत जे वाक्य सर्वांत जास्त डळमळले, त्यातच तो असतो.

आपल्या उदाहरणात ते वाक्य ‘सोलापूर तीन दिवस स्वतंत्र होते’ हे आहे. कुठे ९, १० व ११ मे असे तीन दिवस सांगितले जातात, तर कुठे ८ ते १२ मे धरून चार दिवस म्हटले जाते. हा फरक निष्काळजीपणाचा नाही. गोळीबाराच्या दिवसापासून मोजायचे, पोलीस शहरातून हटल्यापासून मोजायचे, की लष्करी अंमल लागेपर्यंत मोजायचे, यावर तो अवलंबून आहे. म्हणजे दिवसांचा आकडा ‘स्वतंत्र’ या शब्दाच्या अर्थावर ठरतो. यातून प्रश्न असा बांधता येतो : ‘९ ते ११ मे १९३० या काळात सोलापूर शहराचा दैनंदिन कारभार कोणाच्या हाती होता, आणि त्याला समांतर शासन म्हणता येईल काय?’ उत्तर ‘होय’ येऊ शकते, ‘नाही’ येऊ शकते, किंवा ‘बंदोबस्तापुरते होय, महसूल व न्यायापुरते नाही’ असेही येऊ शकते. माझ्या मते तिसऱ्या प्रकारचे उत्तर निघू शकेल असा प्रश्न सर्वांत चांगला.

प्रश्न लहान केला की उत्तराचा निम्म्याहून अधिक भाग गळून पडतो, आणि याचे विद्यार्थ्यांना वाईट वाटते. मिठाच्या सत्याग्रहाची दीड पानाची पार्श्वभूमी, चारही हुतात्म्यांची चरित्रे, १९४२ पर्यंतचा धावता आढावा हे सर्व जाते. जाऊ द्यावे. चरित्रांतील जो तपशील त्या तीन दिवसांच्या कारभाराशी जोडलेला असेल, तेवढाच परत येईल.

तिसरे काम : पुरावा, आणि पुराव्याची नजर

आता पडताळणीची खूण केलेल्या विधानांसाठी साधने शोधायची. सुरुवात घराजवळून करावी. विद्यापीठाचे व महाविद्यालयाचे ग्रंथालय, शहरातील जुनी वाचनालये आणि सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटिअर ही पहिली पायरी. गॅझेटिअर दोन आहेत हे लक्षात ठेवावे : मुंबई इलाख्याच्या मालिकेतील १८८४ चा विसावा खंड आणि महाराष्ट्र शासनाने स्वातंत्र्यानंतर काढलेली सुधारित आवृत्ती. १८८४ चा खंड १९३० बद्दल काहीच सांगू शकत नाही, तरीही घाईत कित्येक पेपरांत तो मे १९३० च्या घटनांसाठी तळटिपेत आलेला दिसतो. शहराच्या पेठा, व्यापार आणि विणकाम यांच्या पार्श्वभूमीपुरता तो उपयोगी आहे. सुधारित गॅझेटिअर घटनेनंतर कित्येक दशकांनी लिहिलेले आहे, म्हणून ते पुरावा म्हणून न वापरता पुराव्याकडे नेणारा रस्ता म्हणून वापरावे.

त्यानंतर समकालीन साधने येतात. मुंबई सरकारच्या गृहखात्याच्या विशेष शाखेचे कागद मुंबईत एल्फिन्स्टन महाविद्यालयाच्या इमारतीतील राज्य पुराभिलेखागारात पाहावे लागतात. रात्रीच्या गाडीने जाऊन दुसऱ्या रात्री परत येऊ असा बेत करू नये. फाईल मागवणे, ती वाचायला मिळणे आणि नोंदी घेणे यांत दिवस जातात. जाण्यापूर्वी विभागप्रमुखांचे पत्र घ्यावे आणि महाराष्ट्र शासनाने छापलेले स्वातंत्र्य चळवळीच्या इतिहासाच्या साधनांचे खंड ग्रंथालयात पाहून घ्यावेत, म्हणजे तिथे नेमके काय मागायचे ते कळते. प्रवास शक्य नसेल तर या छापील खंडांवर पेपर उभा राहू शकतो. मात्र पाहिलेला खंडच तळटिपेत यावा, न पाहिलेली मूळ फाईल नव्हे.

साधन हाती आल्यावर ते कुठे उभे राहून बोलते आहे हे पाहणे हा या कामाचा गाभा आहे. जिल्हा प्रशासनाचा अहवाल वरिष्ठांना उद्देशून असतो, आणि पोलीस हटवणे ही पळापळ नसून विचारपूर्वक घेतलेला निर्णय होता हे दाखवण्यात त्याला रस असतो. स्वातंत्र्यसैनिकाची पुढे लिहिलेली आठवण त्याच तीन दिवसांतली शिस्त ठळक करते, कारण दंगल हा शब्द तिला खोडून काढायचा असतो. म्हणून अहवालात ‘जमाव’ आणि आठवणीत ‘जनता’ असे शब्द येतात. दोन्ही नाकारू नयेत. जिथे हितसंबंध उलटे असूनही दोन्ही साधने एकच गोष्ट सांगतात, ते विधान सर्वांत भक्कम. अहवालातही त्या दिवसांत बाजार सुरू असल्याचे किंवा स्वयंसेवक रस्त्यांवर व्यवस्था पाहत असल्याचे आढळले, तर ते लिहिण्यात अधिकाऱ्याचा काही लाभ नव्हता, आणि म्हणूनच त्याचे वजन जास्त.

वर्तमानपत्रांबाबत एक सावधगिरी हवी. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी २७ एप्रिल १९३० रोजी प्रेस ऑर्डिनन्स काढला होता आणि छापखान्यांवर जामिनाची टांगती तलवार होती. त्यामुळे मे महिन्यात एखाद्या पत्रात सोलापूरची बातमी त्रोटक असली किंवा नसली, तर ‘ही घटना घडलीच नाही’ असा निष्कर्ष निघत नाही. शिवाय बातमीवरची तारीख छपाईची असते, घटनेची नव्हे. ‘काल’ आणि ‘परवा’ हे शब्द मोजून घटनेचा दिवस ठरवावा. तीन की चार दिवस हा आपला वाद तर अशाच मोजणीवर उभा आहे.

नोंद घेताना एका कागदावर एकच विधान, त्याच्या खाली साधनाचा पूर्ण तपशील आणि पान क्रमांक, आणि कागदपत्रातले शब्द असतील तर अवतरणचिन्ह, एवढी शिस्त पुरेशी आहे. अवतरणचिन्ह नोंदीच्या वेळीच न घातल्यास दोन आठवड्यांनी ते शब्द आपलेच वाटू लागतात.

चौथे काम : बांधणी

उत्तर कालक्रमाने जाते, कारण आठवण कालक्रमाने येते. पेपर युक्तिवादाच्या क्रमाने जावा. आपल्या प्रश्नासाठी मी पाच भाग धरीन. पहिल्या, एका पानाच्या भागात प्रश्न मांडावा आणि तीन-चार दिवसांच्या गणनेतील फरक दाखवून तो का उभा राहतो ते सांगावे. दुसऱ्यात आजवरच्या लेखनाने ‘स्वतंत्र’ हा शब्द कोणत्या अर्थाने वापरला ते पाहावे. तिसऱ्यात ८ मेच्या घटना, पण ताबा कसा सुटला हे समजण्यापुरत्याच. चौथा भाग सर्वांत मोठा असावा : बंदोबस्त, बाजार, नगरपालिका, न्याय आणि महसूल यांपैकी प्रत्येक बाबतीत त्या दिवसांत कोण निर्णय घेत होते.

पाचव्या भागाबद्दल थोडे सविस्तर. १२ मे रोजी शहर लष्कराच्या ताब्यात गेले, १५ मे रोजी सोलापूरपुरता मार्शल लॉ ऑर्डिनन्स निघाला आणि जून अखेरपर्यंत लष्करी अंमल राहिला. परीक्षेतील उत्तरात हा भाग दडपशाहीचे वर्णन म्हणून शेवटी येतो. पेपरात तोच पुरावा म्हणून वापरता येतो. या अंमलात गांधी टोपी आणि राष्ट्रध्वज यांनाही मज्जाव होता. सरकारने नेमक्या कोणत्या गोष्टींवर बंदी घातली हे पाहिले, तर त्याला कोणत्या खुणांमध्ये दुसरी सत्ता दिसत होती हे उलट्या बाजूने समजते. उत्तरात जी माहिती अखेरीस लोंबकळत होती, तीच इथे युक्तिवादाचा कणा होते. उत्तराचा पेपर होणे म्हणजे बहुतांशी असेच जागा बदलणे असते.

आता सुरुवातीच्या परिच्छेदातील तीन वाक्यांचे नवे रूप पाहा.

‘८ मेच्या गोळीबारानंतर पोलीस शहरातून काढून घेण्यात आले.१ ही माघार नागरी प्रशासनाच्या वतीने तात्पुरती म्हणून मांडली गेली, तर स्थानिक आठवणींत ती सत्तेचा पराभव म्हणून येते.२ या लेखात ‘समांतर शासन’ ही संज्ञा केवळ बंदोबस्त आणि सार्वजनिक व्यवस्था यांपुरती वापरली आहे. महसूल व न्याय या क्षेत्रांत पर्यायी यंत्रणा उभी राहिल्याचे तपासलेल्या साधनांत आढळले नाही.३’

पहिल्या तळटिपेत फाईल किंवा छापील खंडातील पान, दुसरीत अहवाल आणि आठवण हे दोन्ही शेजारी शेजारी, आणि तिसरीत कोणती साधने तपासली त्यांची नावे येतील. ‘आढळले नाही’ हे शब्द अर्थातच प्रत्यक्ष तपासल्यावरच लिहायचे. साधनात वेगळे निघाले तर वाक्य त्याप्रमाणे बदलायचे. मजकूर थोडा कोरडा झाला आहे. पण आता तो कोणी खोडायचा म्हटला तर त्याला कागद आणावा लागेल.

पाचवे काम : तळटिपा

विभाग सांगेल ती पद्धत शेवटपर्यंत एकसारखी पाळावी. मला इतिहासासाठी तळटिपांची पद्धत सोयीची वाटते. पुस्तकासाठी लेखक, ग्रंथनाम, प्रकाशनस्थळ, प्रकाशक, वर्ष आणि पान. वर्तमानपत्रासाठी नाव, पूर्ण तारीख आणि पान. अभिलेखासाठी संस्था, खाते, फाईल क्रमांक, वर्ष आणि फाईलमधील पान. घरातील वडीलधाऱ्यांकडून ऐकलेली माहिती वापरायची असेल तर त्यांची संमती, मुलाखतीची तारीख आणि स्थळ द्यावे, आणि ते स्वतः पाहिलेले सांगत आहेत की ऐकलेले, हे अवश्य नोंदवावे. आता, इतक्या वर्षांनंतर, ते बहुधा ऐकलेलेच असते.

इंग्रजी कागदातील मजकूर मराठीत आणताना भाषांतर आपले असल्याचे तळटिपेत लिहावे आणि ज्या शब्दावर युक्तिवाद उभा आहे तो मूळ रूपात तिथेच द्यावा. एखादे अवतरण दुसऱ्याच्या पुस्तकातून घेतले असेल तर ‘उद्धृत’ म्हणून त्या पुस्तकाचा उल्लेख करावा.

दोन तांत्रिक बाबी. पहिला खर्डा पूर्ण होईपर्यंत ‘तत्रैव’ लिहू नये. परिच्छेद वरखाली होतात आणि ‘तत्रैव’ भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागते. दुसरे, टायपिंग करून घेणार असाल तर मजकूर युनिकोडमध्येच मागावा. जुन्या फाँटमधील फाईल दुसऱ्या संगणकावर उघडली की अक्षरे विस्कटतात आणि तळटिपांचे हाताने टाकलेले क्रमांक चुकतात. वर्डमध्ये Ctrl+Alt+F वापरून टीप घातली तर क्रमांक आपोआप सरकतात.

पेपर पूर्ण झाला की नाही हे पाहण्यासाठी प्रत्येक परिच्छेदाचे फक्त पहिले वाक्य ओळीने वाचावे. त्यातून युक्तिवाद पुढे जात असेल तर बांधणी ठीक आहे. ‘त्यानंतर’, ‘पुढे’, ‘याच काळात’ एवढेच ऐकू आले तर आपण अजून उत्तरच लिहीत आहोत. मग तळटिपा उलट्या क्रमाने, शेवटच्यापासून पहिलीपर्यंत, साधनाशी ताडाव्यात. उलट वाचल्याने मजकुराच्या ओघात चुका निसटत नाहीत. आणि सादरीकरणाच्या तारखेपर्यंत एखादी फाईल मिळालीच नाही, तर तिच्यावर अवलंबून असलेले विधान तेवढ्याने मवाळ करावे आणि ती पाहता आली नाही हे पहिल्याच भागात एका वाक्यात सांगावे; प्रश्नोत्तरांत तोच प्रश्न आला, तर उत्तर पेपरातच असेल.